रिफंड अडकलाय आणि ग्राहक तारीख मागतोय: उत्तर कसं लिहायचं

सोलापुरात आमचं साड्यांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे आणि ग्राहकांच्या मेसेजना उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे आहे. रंग पसंत नाही, फॉल लावून मिळेल का, हे सगळं हसतखेळत निभतं. अवघड जातो तो एकच मेसेज: साडी तुम्ही घेऊन गेलात, माझे पैसे कुठे आहेत?

आम्ही बरेच दिवस त्याला हे उत्तर देत होतो:

> आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपला रिफंड प्रोसेसमध्ये असून 5 ते 7 कामकाजाच्या दिवसांत जमा होईल. सहकार्याबद्दल धन्यवाद.

यात खोटं काही नाही, पण उपयोगाचंही काही नाही. हे 5 ते 7 दिवस कधीपासून मोजायचे? पार्सल उचललं तेव्हापासून, आमच्याकडे पोचलं तेव्हापासून की आज मेसेज केला तेव्हापासून? ग्राहक तिसऱ्यांदा विचारतो, आपण तिसऱ्यांदा हेच चिकटवतो आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. चौथ्या वेळी तो विचारत नाही, सरळ 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावतो.

तारीख देता येते, पण उत्तर लिहायला बसल्यावर ती सुचत नाही. लिहिण्याआधी शोधावी लागते. ती कशी शोधायची ते एका खऱ्या प्रकरणावरून सांगते. त्यात चूक आमचीच होती.

प्रकरण असं होतं

2025 च्या दसऱ्यानंतर, 3 ऑक्टोबरला ठाण्याच्या एका ताईंनी साडी मागवली. साडी 3390 रुपये, कुरिअर 90, एकूण 3480 रुपये, क्रेडिट कार्डावर. 7 तारखेला साडी पोचली. फोटोत वांगी रंग दिसत होता, हातात आली जांभळी. त्यांनी दुसऱ्याच दिवशी रिटर्न टाकला, 10 तारखेला कुरिअरवाला पार्सल घेऊन गेला आणि 14 ला ते आमच्या गोडाऊनला आलं.

16 तारखेला त्यांचा पहिला मेसेज आला. त्यांना वरचं 5 ते 7 दिवसांचं उत्तर गेलं. मग दिवाळी आली. सोमवारी 27 तारखेला दुसरा मेसेज: "पार्सल नेऊन सतरा दिवस झाले. रोज तेच उत्तर नको. पैसे कोणत्या तारखेला येणार ते सांगा."

आधी पैसे कुठे थांबलेत ते बघा

परत आलेल्या मालाचे पैसे चारच ठिकाणी अडकू शकतात: पार्सल वाटेत असतं, पार्सल आपल्याकडे पडून असतं, पैसे पेमेंट गेटवेत असतात, किंवा ग्राहकाच्या बँकेत असतात. पहिली तीन ठिकाणं आपल्या हातात आहेत, चौथं नाही. त्यामुळे तारीख काढायच्या आधी आपण नक्की कुठे आहोत हे कळायला हवं, आणि ते कुणाला विचारून नाही, स्वतः बघून. गोडाऊनच्या पोराला विचारलं की तो "झालं मॅडम" म्हणतो. त्याच्या दृष्टीनं ते झालेलं असतंच.

पार्सल वाटेत आहे का, हे पिकअपच्या ट्रॅकिंग नंबरवर दिसतं. आमच्या बाबतीत ते 14 लाच पोचलं होतं. तपासणीची नोंद वहीत सापडली: 17 ऑक्टोबर, घडी नीट, टॅग जागेवर, ओके. म्हणजे 14 ते 17 ते पोत्यात पडून होतं. दिवाळीची गर्दी होती, तीन दिवस गेले. लिहून घेतलं.

पुढची नोंद 18 ऑक्टोबरची: "रिफंड केला". इथेच आम्ही फसलो होतो. वहीतल्या "रिफंड केला" याचा अर्थ एवढाच की कुणीतरी गेटवेच्या स्क्रीनवर रिफंडचं बटण दाबलं. पैसे निघाले की नाही ते वहीला कळत नाही. मी गेटवे उघडला, ऑर्डर काढली, तर रिफंडच्या पुढे `processed` च्या जागी `pending` असं दिसलं. नऊ दिवस तसंच.

कारण साधं होतं. ग्राहकांकडून आलेले पैसे गेटवेत जमा होतात आणि ठरलेल्या दिवशी आपल्या बँक खात्यात येतात. रिफंड त्याच शिलकीतून जातो. दिवाळीआधी विणकरांचे आणि व्यापाऱ्यांचे पैसे द्यायचे म्हणून आम्ही गेटवेतली सगळी शिल्लक बँकेत ओढून घेतली होती. शिल्लक नव्हती म्हणून रिफंड रांगेत थांबला. काही गेटवे अशा वेळी लगेच लाल अक्षरात नकार देतात, आमचा मुकाट थांबला. मला विचाराल तर नकार परवडला. निदान कुणीतरी ओरडतं.

थोडक्यात, ताईंचे पैसे बँकेत अडकले नव्हते, आमच्याकडेच होते. आणि आम्ही त्यांना बँकेचे दिवस मोजायला लावत होतो.

आपल्या हातातलं काम आधी उरका, मग लिहा

उत्तरात "आम्ही लवकरच करू" असं लिहायची वेळ येऊ नये. 27 ला दुपारी बँकेतून गेटवेत पैसे भरले, पाच वाजता स्क्रीनवर `processed` आलं, आणि त्यानंतरच मी ताईंना लिहायला घेतलं. मधल्या दोन तासांसाठी त्यांना एक ओळ पाठवली: "ताई, तुमचं प्रकरण मी स्वतः बघतेय. आज संध्याकाळी 6 च्या आत तारखेसकट सविस्तर लिहिते." ही ओळही एक वायदाच आहे, म्हणून ती मिनिटाच्या हिशेबानं पाळायची.

मालकांनी तेव्हा विचारलं की सरळ त्यांच्या खात्यावर पैसे टाकून मोकळं का होऊ नये. दोन कारणं. एक, पैसे ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं परत जावेत असा रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा रोख आहे. दुसरी वाट ग्राहकाची संमती असेल तरच. दुसरं कारण व्यवहारातलं: गेटवेतला रिफंड रद्द न करता खात्यावरही पैसे टाकले तर दोन्हीकडून जातात. मग दुपटीनं गेलेले पैसे परत मागायचा फोन तुम्हालाच करावा लागतो, आणि तो या फोनपेक्षा वाईट असतो.

तारीख कशी काढली

कार्डावरचा रिफंड गेटवेतून निघाल्यावर ग्राहकाच्या कार्डात दिसायला साधारण 5 ते 7 कामकाजाचे दिवस लागतात. बऱ्याचदा आधी येतो. पण वायदा करताना मोठा आकडाच धरायचा, आणि कामकाजाचे दिवस बोटांवर न मोजता कॅलेंडर समोर ठेवून मोजायचे.

सोमवार 27 ऑक्टोबरला संध्याकाळी पैसे निघाले, म्हणजे पहिला दिवस मंगळवार 28. मग 29, 30 आणि शुक्रवार 31, असे चार झाले. 1 नोव्हेंबर हा महिन्याचा पहिला शनिवार. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, पहिल्याला उघड्या असतात, पण मी शनिवार मोजतच नाही. रविवार गेला. सोमवार 3 हा पाचवा, मंगळवार 4 सहावा. बुधवारी 5 तारखेला गुरुनानक जयंती, सुट्टी. सातवा दिवस आला गुरुवारी 6 नोव्हेंबरला.

घाईत "सात दिवस" म्हणाले असते तर 3 नोव्हेंबर लिहिलं गेलं असतं, आणि ती तारीख हुकण्याची शक्यता चांगलीच होती. एकदा चुकलेल्या ग्राहकापुढे दुसरी तारीख चुकली की तिसरी सांगायला तोंड राहत नाही. म्हणून 6 नोव्हेंबर. "6 किंवा 7" नाही, "पहिल्या आठवड्यात" नाही.

पण बँक आपल्या ताब्यात नाही, मग पक्की तारीख कशाच्या जोरावर द्यायची? यावर माझा तोडगा असा: पैसे दिसण्याची तारीख द्यायची, आणि त्या तारखेला ते दिसले नाहीत तर आपण काय करणार त्याचीही तारीख आणि वेळ द्यायची. पहिली तारीख बँकेवर अवलंबून असली तरी दुसरी पूर्णपणे आपली असते. ती तरी मोडत नाही.

उत्तर

हे मी पाठवलेलं उत्तर, जसंच्या तसं. फक्त ऑर्डर नंबर काढलाय.

> नमस्कार ताई,
>
> तुमचे 3480 रुपये गुरुवार, 6 नोव्हेंबरपर्यंत तुमच्या क्रेडिट कार्डावर दिसतील. यात साडीचे 3390 आणि कुरिअरचे 90 दोन्ही आले. काहीही कापलेलं नाही.
>
> उशीर आमच्याकडून झाला. साडी 14 ऑक्टोबरला आमच्याकडे पोचली, 17 ला तपासून ओके झाली आणि 18 ला आम्ही रिफंड टाकला. पण आमच्या पेमेंट खात्यात त्या दिवशी शिल्लक नव्हती, त्यामुळे तो पुढे गेलाच नाही, आणि हे आमच्या लक्षात आज आलं. 16 तारखेला तुम्हाला दिलेलं उत्तर न तपासता दिलं होतं. माफ करा.
>
> आज संध्याकाळी 5 वाजता पैसे आमच्याकडून निघालेत. आता ते तुमच्या बँकेकडे जातील. याला 7 कामकाजाचे दिवस लागू शकतात. मध्ये शनिवार-रविवार आणि 5 तारखेची गुरुनानक जयंतीची सुट्टी आहे, म्हणून 6 तारीख सांगतेय. आधीही येऊ शकतात.
>
> बुधवारी 29 तारखेपर्यंत मी तुम्हाला या रिफंडचा एआरएन नंबर पाठवते. पैसे कुठवर आलेत ते त्या नंबरवरून तुमची बँक सांगू शकते.
>
> 6 तारखेला संध्याकाळपर्यंत पैसे दिसले नाहीत तर मला फक्त "नाही" एवढं लिहा. शुक्रवारी 7 तारखेला सकाळी 11 वाजता मी तुम्हाला फोन करीन आणि गेटवेकडे तक्रार नोंदवून तिचा नंबर देईन.
>
> तुम्हाला आता काहीही करायचं नाही. कार्ड नंबर, ओटीपी असं काही आम्ही मागणार नाही. कुणी मागितलं तर देऊ नका.

याच्या खाली माझं नाव आणि फोन नंबर. "टीम" वगैरे नाही. रागावलेल्या माणसाला टीमशी भांडता येत नाही आणि टीमवर विश्वासही ठेवता येत नाही.

तारीख आणि रक्कम पहिल्याच वाक्यात आहे. माफी दुसऱ्या परिच्छेदात, आणि ती कशाबद्दल हे सांगून मागितलेली आहे. "गैरसोयीबद्दल दिलगीर" यात कसली गैरसोय, कुणामुळे, काही कळत नाही. शिल्लक नव्हती हे लिहावं का, यावर मालक आणि मी पाच मिनिटं वाद घातला. त्यांना वाटलं दुकान बुडायला आलंय असं लोकांना वाटेल. मी म्हटलं, "तांत्रिक अडचण" लिहिलं तर त्यांना तेच वाटेल, वर आपण लपवतोय असंही वाटेल. शेवटी लिहिलं.

पायऱ्या सांगताना एक पथ्य पाळावं: झालेल्या पायऱ्या तारखेसकट, आणि पुढची पायरी कुणाच्या हातात आहे ते. गोडाऊनची आतली वाटणी, कोण रजेवर होतं, याच्याशी ग्राहकाला कर्तव्य नाही.

एआरएन म्हणजे कार्डाच्या रिफंडला बँकांच्या व्यवस्थेत मिळणारा 23 आकडी नंबर. तो गेटवेच्या स्क्रीनवर एकदोन दिवसांनी उमटतो. तो आला म्हणजे पैसे खरोखर निघाले याची खूण. यूपीआयनं पैसे आले असतील तर तिथे 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो, ग्राहकाच्या बँकेला तो द्यायचा. यूपीआयचा रिफंड कार्डापेक्षा लवकर उतरतो, म्हणून तारीखही जवळची देता येते.

पैसे वेगळ्या ठिकाणी अडकले असतील तर

पार्सलच अजून पोचलेलं नसेल तर "माल मिळाल्यावर बघू" असं लिहू नका. कुरिअर आपण लावलाय आणि पिकअपची पावती ग्राहकाच्या हातात आहे. त्यानं त्याचं काम केलं. आम्ही अशा वेळी निर्णयाची तारीख देतो: "शनिवारपर्यंत पार्सल आमच्याकडे आलं नाही तर ते मिळालं असं धरून सोमवारी रिफंड टाकू." हरवलेल्या पार्सलचं भांडण आपलं आणि कुरिअरचं.

कॅश ऑन डिलिव्हरीचं गणित वेगळं. परत जायला कार्ड नाही, म्हणून ग्राहकाकडून खातं क्रमांक, आयएफएससी आणि खात्यावरचं नाव, किंवा यूपीआय आयडी मागावा लागतो. आणि लोक तो द्यायला बिचकतात, बरोबरच आहे. रिफंडच्या नावावर फसवणारे कमी नाहीत. म्हणून लिंक पाठवायची नाही. ऑर्डर केली त्याच नंबरवर, ऑर्डरचा तपशील सांगून, साधा मेसेज करायचा, आणि सोबत लिहायचं की पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. इथे तारीख त्यांच्या उत्तराला बांधलेली असते, ते स्पष्ट लिहावं: "आज रात्री 8 पर्यंत तपशील मिळाला तर उद्या दुपारी 2 च्या आत पैसे खात्यावर." आयएमपीएस लगेच पोचतं, आणि एनईएफटीही 2019 च्या डिसेंबरपासून सुट्टीच्या दिवशीसुद्धा चालू असतं, त्यामुळे इथे बँकेच्या सुट्टीची सबब चालत नाही. पैसे पाठवताना खात्यावरचं नाव जुळतंय का ते बघा. आकडा चुकून पैसे तिसऱ्याच्याच खात्यात गेले तर तारीख गेली आणि पैसेही गेले.

ग्राहक कायद्याचं बोलला तर

सदोष माल परत घेऊन बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर 30 दिवसांत, पैसे द्यायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. आमच्या बिलावर माल आल्यापासून 10 दिवस लिहिलेत, म्हणजे आम्ही 24 ऑक्टोबरलाच आमची मुदत ओलांडली होती. अशा वेळी कलमांवर वाद घालायला आपल्याकडे पाय ठेवायला जागा नसते.

काही जण रिझर्व्ह बँकेच्या रोज 100 रुपये भरपाईचा हवाला देतात. ती 2019 ची तरतूद फसलेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे पैसे कापले गेले पण समोर पोचले नाहीत अशांसाठी. परत केलेल्या साडीला ती लागत नाही. पण हे ग्राहकाला शिकवत बसू नका. तो आकडा त्यानं तारीख मिळत नाही म्हणून काढलेला असतो. तारीख द्या.

पाठवल्यानंतर

उत्तर गेल्यावर मी कॅलेंडरवर तीन नोंदी टाकल्या: 29 ला एआरएन, 4 ला गेटवे बघणे, 7 ला सकाळी 11. एआरएन 28 लाच आला, लगेच पाठवला. त्यावर ताईंचा प्रश्न आला, जो मला आधी सुचला नव्हता: कार्डाचं बिल आलंय, त्यात हे 3480 धरलेत, शेवटची तारीख 3 नोव्हेंबर आहे, तर तेवढे कमी भरू का?

नाही. बिल पूर्ण भरायचं. रिफंड बिलाच्या शेवटच्या तारखेआधी येईलच असं नाही. कमी भरलं आणि रिफंड नंतर आला तर व्याज बसू शकतं. पूर्ण भरलं तर रिफंड पुढच्या बिलात वजा होतो. त्यांना तसं कळवलं.

6 तारखेला संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: "नाही." 7 ला सकाळी 11 ला मी फोन केला. गेटवे सांगत होता पैसे गेलेत, एआरएनही होता. मी विचारलं, ताई, तुम्ही कुठे बघताय? त्या बचत खात्याच्या पासबुकात बघत होत्या. मी त्यांना क्रेडिट कार्डाचं अॅप उघडायला सांगितलं. तिथे 3 नोव्हेंबरची जमा होती, 3480 रुपये.

चूक उत्तरातच होती. "तुमच्या क्रेडिट कार्डावर" एवढंच लिहून मी मोकळी झाले होते. आता त्या वाक्याच्या खाली ही ओळ कायम असते:

> हे पैसे बचत खात्यात येणार नाहीत. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये जमेच्या बाजूला आमच्या दुकानाच्या नावानं दिसतील. या महिन्याचं बिल आलं असेल तर ते पूर्ण भरा, ही रक्कम पुढच्या बिलात वजा होईल.